जुनी तिकिटे बंद करताना

फायरफॉक्समध्ये एखाद्या बटणावर माउस नेला की त्या बटणाची माहिती देणारी छोटी चौकट उमटते. ही चौकट उघडी असताना कळफलकावरून दुसऱ्या खिडकीत गेलं, तरी ती तशीच पडद्यावर तरंगत राहते, अशी तक्रार २००२ मध्ये नोंदवली गेली. तिची दुरुस्ती झाली २०२३ मध्ये. एकवीस वर्षं ती नोंद उघडी होती आणि एकवीस वर्षांनंतरही ती खरी होती. अशा नोंदीला सॉफ्टवेअरच्या जगात तिकीट म्हणतात. कुणीतरी वापरकर्ता अडचण लिहितो, तिला क्रमांक मिळतो आणि काम संपेपर्यंत ती यादीत राहते.

लोकांसाठी खुल्या असलेल्या प्रकल्पांत ही यादी वाढतच जाते. तक्रार लिहायला दहा मिनिटं लागतात, ती तपासायला कधी पूर्ण दुपार जाते. लिहिणारे हजारो आणि तपासणारे चार. काही वर्षांत यादी इतकी लांबते की तिच्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. मग एक दिवस कुणीतरी ठरवतं की जुनं सगळं बंद करून टाकू. इथूनच भांडणं सुरू होतात.

या भांडणाचं एक गाजलेलं उदाहरण २००३ मधलं आहे. नेटस्केपच्या सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक असलेल्या जेमी झाविन्स्की यांनी तेव्हा ग्नोम या प्रकल्पावर जाहीर टीका केली. त्यांचा आक्षेप असा होता की जुने बग कुणी दुरुस्त करत नाही. प्रोग्राम नव्याने लिहिला जातो आणि मग जुन्या आवृत्तीवरच्या साऱ्या तक्रारी न वाचताच बंद केल्या जातात. तक्रार बंद झाली यापेक्षा ती कुणी वाचलीच नाही, याचा तो राग होता.

पुढे हे काम यंत्राकडे गेलं. गिटहबवर जुनी तिकिटे आपोआप बंद करणारं एक प्रचलित साधन आहे. त्याची मूळ मांडणी अशी: तिकिटावर ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर त्यावर `Stale` असा शिक्का मारायचा आणि आणखी ७ दिवस कुणी बोललं नाही तर ते बंद करायचं. हे आकडे बदलता येतात, पण अनेक प्रकल्प ते तसेच ठेवतात. आता तक्रार करणाऱ्याच्या जागी बसून पाहा. त्याने पायऱ्या लिहिल्या, पडद्याची चित्रं जोडली. प्रकल्पाकडून एकही उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी यंत्र त्यालाच सांगतं की तुम्ही गप्प आहात, म्हणून तुमची नोंद बंद होणार. गप्प तर समोरचे होते.

म्हणून तिकीट किती जुनं आहे हा प्रश्न दुय्यम आहे. आधी पाहायचं ते हे, की आता बोलण्याची पाळी कुणाची आहे. प्रकल्पाने प्रश्न विचारला आणि तक्रारदाराने उत्तर दिलं नाही, तर मुदत लावणं रास्त आहे. केडीई या प्रकल्पाच्या बगझिलावर हेच होतं. माहिती हवी असेल तर तिकिटाची स्थिती `NEEDSINFO` केली जाते. १५ दिवस उत्तर आलं नाही की आठवण जाते आणि ३० दिवसांनीही काही आलं नाही तर ते बंद होतं. इथे सहसा कुणी दुखावत नाही, कारण माणसाने माणसाला प्रश्न विचारलेला असतो. पाळी प्रकल्पाची असेल तर मात्र घड्याळ लावण्याचा अधिकारच उरत नाही. तिथे कुणीतरी बसून वाचावंच लागतं.

हे वाचण्याचं काम कसं चालतं, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, छोट्या ग्रंथालयांसाठी पुस्तकांची नोंद ठेवणारा एक मोफत प्रोग्राम आहे. चार स्वयंसेवक तो सांभाळतात आणि ६०० तिकिटे उघडी आहेत. पहिल्या दिवशी एकही बंद करायचं नाही. यादीच्या वेगवेगळ्या भागांतली तीसेक तिकिटे उचलायची आणि नीट वाचायची. एवढ्याने साधारण कोणते गठ्ठे पडतील हे कळतं. काही एकाच अडचणीच्या पुनरुक्ती असतात, काही केव्हाच दुरुस्त झालेल्या असतात, काही मागण्या प्रकल्प कधीच पुऱ्या करणार नसतो आणि उरलेल्या खऱ्या असतात.

पुनरुक्ती सर्वांत सोपी, तरी तिथेही एक चूक नेहमी होते. सर्वांत जुनं तिकीट ठेवून बाकीची बंद केली जातात. खरं तर ज्यात अडचण सर्वांत नीट मांडली आहे ते ठेवावं, मग ते गेल्या महिन्यातलं का असेना. बंद होणाऱ्या तिकिटात एखादा वेगळा तपशील असेल, उदाहरणार्थ ‘फक्त जुन्या प्रिंटरवर होतं’, तर तो आधी ठेवलेल्या तिकिटात उतरवून घ्यावा आणि तसं लिहावं. आपलं निरीक्षण वाया गेलं नाही, हे तक्रारदाराला दिसतं.

दुसऱ्या गठ्ठ्यात खरी मेहनत आहे. ‘नव्या आवृत्तीत अजून होतं का ते तपासून सांगा’ असं शंभर तिकिटांवर चिकटवणं सोपं असतं. त्याचा अर्थ मात्र असा होतो की तुम्ही एकदा केलेलं काम आमच्यासाठी पुन्हा करा. ज्या तिकिटात पायऱ्या दिलेल्या आहेत ते प्रकल्पाने स्वतः तपासावं. पायऱ्या नसतील किंवा तक्रारदाराकडचंच यंत्र लागत असेल, तरच त्याला विचारावं. तपासून झाल्यावरचा मजकूर असा असू शकतो:

‘नमस्कार. तुम्ही २०१९ मध्ये ही अडचण नोंदवलीत आणि आमच्याकडून उत्तर गेलं नाही, याबद्दल क्षमस्व. तुम्ही दिलेल्या पायऱ्यांनी आज ४.२ आवृत्तीवर पाहिलं. आता पावती पूर्ण छापली जाते, म्हणून ही नोंद बंद करतो आहोत. तुमच्याकडे अजूनही ती अर्धीच येत असेल तर इथेच लिहा, आम्ही नोंद पुन्हा उघडू.’

यात चार गोष्टी आहेत: उशिराची कबुली, काय तपासलं, का बंद केलं आणि पुढची वाट. शेवटच्या वाक्यातले ‘आम्ही उघडू’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गिटहबवर प्रकल्पाच्या माणसाने बंद केलेलं तिकीट सामान्य तक्रारदाराला स्वतः उघडता येत नाही. तरीही ‘वाटल्यास पुन्हा उघडा’ असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. तो माणूस बटण शोधतो, त्याला ते सापडत नाही आणि मग त्याचा विश्वास उडतो.

तिसरा गठ्ठा नकाराचा. मागणी चांगली आहे, पण चार माणसांकडून ती होणार नाही. अशी तिकिटे ‘कधीतरी पाहू’ म्हणून उघडी ठेवणं दयाळूपणाचं वाटतं, पण तक्रारदार वर्षानुवर्षं आशेवर राहतो. गिटहबवर बंद करताना `completed` किंवा `not planned` असं कारण निवडता येतं. इथे दुसरं निवडावं आणि नकाराचं कारण दोन वाक्यांत सांगावं. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडमध्ये नव्या सोयींसाठी एक उघड नियम वापरला गेला आहे: ६० दिवसांत २० जणांनी पसंती दिली तर मागणी यादीत राहते, नाहीतर बंद होते. नियम कठोर आहे, पण आधीच सांगितलेला असल्यामुळे नकार व्यक्तिगत वाटत नाही.

मतांच्या नियमालाही मर्यादा आहे आणि ती मराठी वाचकाला चटकन कळेल. आपल्या ग्रंथालयाच्या प्रोग्रामात एक जुनं तिकीट आहे असं धरू: ‘दऱ्या हा शब्द शोधल्यावर अर्धीच पुस्तकं सापडतात.’ त्याला एकही मत नाही. एका स्वयंसेवकाने तो शब्द तिकिटातून उचलून शोधात चिकटवला, त्याला पुस्तक मिळालं आणि त्याने ‘माझ्याकडे चालतं’ असं लिहिलं. वरवर पाहता हे बंद करण्याजोगंच तिकीट आहे.

पण ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य असतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. अर्धी पुस्तकं एका कळफलकाने नोंदवली गेली असतील आणि शोध दुसऱ्याने होत असेल, तर अर्धीच सापडणार. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही ही दोन रूपं एक करत नाही, ते प्रोग्रामलाच करावं लागतं. देवनागरी न वाचणाऱ्या चौघांना यातलं काही दिसणार नाही. म्हणून भाषा, अंधांसाठीची पडदावाचक साधनं, डेटा नष्ट होणं आणि सुरक्षितता यांची तिकिटे आपोआप बंद होण्यातून आधीच वगळावीत. जुन्या तिकिटांच्या यंत्राला विशिष्ट लेबलं वगळण्याची सोय असते. थोड्याच लोकांच्या अडचणीवर शांतता असणं स्वाभाविक आहे.

वेगही महत्त्वाचा आहे. प्रत्येक टिप्पणीचा ईमेल त्या तिकिटाशी जोडलेल्या सगळ्यांना जातो. एका रात्रीत चारशे तिकिटे बंद केली तर ज्याने पंधरा नोंदवली होती त्याच्या पेटीत सकाळी पंधरा नकार असतात. रोज वीस-पंचवीसच करावीत आणि एकाच माणसाची अनेक असतील तर त्याला आधी एकत्र पत्र लिहावं. स्वच्छता सुरू होण्यापूर्वी काय करणार, कोणत्या निकषांवर आणि चुकलं तर कुठे सांगायचं, हे प्रकल्पाच्या मुख्य पानावर लिहावं. फेडोरा लिनक्समध्ये प्रत्येक आवृत्तीला साधारण १३ महिने आधार मिळतो. तो संपण्याआधी त्या आवृत्तीवरच्या तिकिटांना सूचना जाते, की अडचण नव्या आवृत्तीतही असेल तर आवृत्ती बदलून नोंद जिवंत ठेवा. उरलेली `EOL` या कारणाने बंद होतात, दुरुस्त झाली म्हणून नव्हे. ही प्रामाणिक नोंद पुढे शोधणाऱ्याच्या उपयोगी पडते.

काम नीट चाललं आहे का, हे पहिल्या शंभर तिकिटांनंतर कळतं. बंद केलेल्यांपैकी बरीच पुन्हा उघडावी लागत असतील तर तपासणी उथळ आहे. एकही उघडावं लागत नसेल आणि त्याच तक्रारी नव्या क्रमांकाने येत असतील, तर लोकांनी जुन्या तिकिटावर बोलणं सोडून दिलं आहे. त्याहून वाईट म्हणजे नेहमी उत्तम तक्रारी लिहिणारे लोक गप्प होणं. म्हणून त्यांची अलीकडची हजेरी मुद्दाम तपासावी.

समजा, आपल्या ६०० पैकी १२० तिकिटे शेवटी उरली. ती खरी आहेत, वाचलेली आहेत आणि प्रत्येकावर शेवटचं वाक्य प्रकल्पाच्या माणसाचं आहे. यादी पुन्हा फुगू नये यासाठी एक नियम पुरेसा होतो: नव्या तिकिटाला दोन आठवड्यांत माणसाचं पहिलं उत्तर जावं, मग ते ‘हे आमच्याकडून होणार नाही’ असं का असेना. सहा वर्षांनी आलेल्या नकारापेक्षा पंधराव्या दिवशी आलेला नकार लोक सहज स्वीकारतात, कारण तेव्हा त्यांना दुसरा मार्ग शोधता येतो.