दहा वर्षांचे आभार, दीड मिनिटात

दुकानाला दहा वर्षे झाली की पूर्वी सत्यनारायण व्हायचा, ओळखीच्यांकडे पेढे जायचे आणि फार तर स्थानिक वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात यायची. आता त्याच्या जोडीला व्हिडिओ असतो. मालक गल्ल्याजवळ उभा राहतो, गिऱ्हाइकांचे आभार मानतो आणि शेवटी दशकपूर्तीची खास सवलत जाहीर करतो. असे बरेच व्हिडिओ मनापासून केलेले असतात, तरी ते एकसारखे वाटतात. बहुतेकांच्या बाबतीत भाषण आधी लिहिलेले असते आणि सवलत चित्रीकरणाच्या आदल्या रात्री ठरवलेली असते. माझ्या मते क्रम उलटा हवा. आभार खरे होते की नाही, याची परीक्षा गिऱ्हाईक बिलावर घेते. म्हणून सवलतीचा हिशेब आधी आणि शब्द नंतर.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातले साड्यांचे आणि तयार कपड्यांचे एक दुकान घेऊ. २०१६ च्या दसऱ्याला, म्हणजे ११ ऑक्टोबरला उघडलेले. ७०० रुपयांना आणलेली साडी तिथे १००० रुपयांना विकली जाते, म्हणजे एका साडीमागे ३०० रुपये सुटतात. त्यातूनच जागेचे भाडे, वीजबिल आणि दोन कामगारांचा पगार निघतो. मालक जोशात म्हणतो, "दहा वर्षे झाली, सरसकट दहा टक्के सूट देऊ." साडी ९०० रुपयांना जाते आणि सुटतात २००. गिऱ्हाइकाला दहा टक्केच मिळाले, दुकानाच्या कमाईतला मात्र तिसरा हिस्सा गेला. तेवढीच कमाई करायला आता दोन साड्यांच्या जागी तीन विकाव्या लागतील. सूट वीस टक्क्यांवर नेली तर एका साडीमागे १०० रुपये उरतात आणि तिप्पट विक्री लागते. दहा वर्षे दुकान चालवलेल्या माणसाला हे गणित कळत नाही असे नाही, पण सोहळ्याच्या भरात ते मांडले जात नाही.

त्यात दसऱ्याची गोष्ट वेगळी. दिवाळीआधीच्या त्या दिवसांत लोक कपडे घेणारच असतात. त्यांना सूट देणे म्हणजे जी विक्री होणारच होती तिच्यातली कमाई कमी करणे. म्हणून या दुकानाला मी वेगळी योजना सुचवीन. दसरा ते दिवाळी या काळात १५०० रुपयांच्या खरेदीवर १५० रुपयांचे कूपन द्यायचे, आणि ते तुळशीच्या लग्नानंतर महिनाभर, किमान १००० रुपयांच्या खरेदीवर चालवायचे. काही कूपने घरात पडून राहतील. जी परत येतील त्यांच्याबरोबर लग्नसराईची खरेदी येईल. हजाराच्या खरेदीतले ३०० रुपये सुटायच्या जागी १५० सुटतात, पण ते गिऱ्हाईक एरवी त्या महिन्यात कदाचित आलेच नसते. मात्र गिऱ्हाईक तसेही येणार होते, तर हे १५० रुपये गेलेच म्हणायचे. त्यामुळे कूपनांवर क्रमांक घालून किती परत आली हे वहीत टिपायला हवे.

सोडतीचा मोह मात्र आवरावा. "खरेदी करा आणि स्कूटर जिंका" हे भाषणात फार आकर्षक वाटते. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्री वाढवण्यासाठी घेतलेली सोडत किंवा नशिबाचा खेळ, नियमांनी सूट दिलेले प्रकार सोडले तर, अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो. "साठा संपेपर्यंत" म्हणायचे असेल तर साठा खरोखर पुरेसा हवा, कारण मोजक्या वस्तूंच्या आमिषाने लोकांना दुकानात आणणे हेही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत बसत नाही. आधी भाव वाढवून मग सूट दाखवली तर गिऱ्हाइकाला ते नक्की कळते. मागच्या महिन्यात तीच साडी पाहून गेलेली बाई किंमत विसरत नाही.

आता भाषण. "आमच्यावर विश्वास दाखवल्याबद्दल सर्व ग्राहकांचे मनःपूर्वक आभार" हे वाक्य कुठल्याही दुकानाला लागू पडते, म्हणून ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. आपल्या उदाहरणातल्या दुकानाला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते उघडले आणि चारच आठवड्यांनी, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. पुढच्या जुलैत जीएसटी आला. २०२० च्या मार्चमध्ये शटर खाली आले, तेही लग्नसराईचा माल भरलेला असताना. हे तिन्ही प्रसंग गावाने त्याच्याबरोबर पाहिलेले आहेत, त्यामुळे त्यांतला एक निवडला तरी पुरतो. मालक असे बोलू शकतो:

"नमस्कार. २०१६ च्या दसऱ्याला आपण दुकान उघडलं आणि महिन्याच्या आत नोटा बंद झाल्या. तेव्हा कितीतरी मावश्या आणि ताया साडी उधारीवर घेऊन गेल्या, आणि नवीन नोटा हातात आल्यावर स्वतःहून पैसे आणून दिले. मला मागायला जावं लागलं नाही. आज दहा वर्षं झाली, ती त्या विश्वासावर. म्हणून या दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दीड हजाराच्या खरेदीवर दीडशे रुपयांचं कूपन आहे. तुळशीचं लग्न झालं की महिनाभर, हजाराच्या खरेदीवर ते चालेल. कार्याची खरेदी असेल तर घेऊन या. आणि उद्घाटनाच्या दिवसापासून काउंटरवर असलेले आमचे दोघे सहकारी इथे माझ्याजवळ उभे आहेत. तुम्हाला साड्या दाखवताना यांनी कधी कंटाळा केला नाही, त्यांचेही आभार."

हे मिनिटभरात सहज बोलून होते. दीड मिनिटाच्या पुढे जाऊ नये. आभार आधी येतात, सवलत त्यांच्यातूनच निघते आणि अटी लपवलेल्या नाहीत. कागद हातात घेऊन वाचायचे नाही. तीन मुद्दे लक्षात ठेवून, गिऱ्हाइकाशी बोलतो त्याच आवाजात बोलायचे. पहिल्या दोन-तीन वेळा ताठरपणा जाणवतोच, तो पुढे आपोआप जातो.

चित्रीकरणात दोन गोष्टी हमखास बिघडतात. लोक दाराकडे पाठ करून उभे राहतात. मग बाहेरचा उजेड कॅमेऱ्यात शिरतो आणि चेहरा काळा पडतो. तोंड दाराकडे ठेवले की तोच उजेड चेहऱ्यावर येतो आणि मागे साड्यांचे रॅक दिसतात. दुसरी अडचण आवाजाची. पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्न प्रत्यक्षात खटकत नाहीत, पण मोबाइलमध्ये तेच ठळक ऐकू येतात. सकाळी दुकान उघडण्याआधी, पंखा बंद करून, कॉलरला लावायचा छोटा माइक वापरला तर हा त्रास टळतो. बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून कूपनाची रक्कम आणि तारखा पडद्यावर मोठ्या अक्षरांत हव्यात.

व्हॉट्सॲपवर पाठवतानाही एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त २५६ क्रमांक बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. तेव्हा व्हिडिओ पाठवण्याच्या महिनाभर आधीपासून बिल देताना "ताई, आमचा नंबर सेव्ह करून घ्या, नवीन माल आला की कळवतो" असे सांगायला लागावे. आणि व्हिडिओत तारखांबरोबर सालही तोंडाने म्हणावे. असे व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपमधून महिनोन्महिने फिरत राहतात, आणि पुढच्या दिवाळीत कुणी तोच दाखवून कूपन मागितले तर काउंटरवरच्या मुलाला त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणे अवघड जाते.