अनुदान बँकेत आलं, म्हणजे कमाई झाली का?

फौजेत स्टोअरची तपासणी करताना एक सवय अंगवळणी पडली होती. लेजरमधला आकडा वाचायचा, पण त्यावर सही करण्याआधी माल स्वतः मोजायचा. निवृत्तीनंतर मध्य प्रदेशातल्या एका मध्यम कंपनीचा स्वतंत्र संचालक झालो, ऑडिट कमिटीवर बसलो. तिथे सरकारी अनुदानाच्या एका प्रकरणात ही सवय कामी आली. आज तेच प्रकरण सांगतो.

कंपनीने 5 कोटींचं यंत्र घेतलं. त्याचं आयुष्य 10 वर्षं धरलं होतं. राज्य सरकारच्या योजनेतून त्यासाठी 1 कोटीचं अनुदान मंजूर झालं आणि 28 मार्चला बँकेत जमा झालं. अकाउंट्स विभागाने ती सगळी रक्कम त्याच वर्षी ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवली. त्यामुळे 30 लाखांच्या तोट्याचा 70 लाखांचा नफा झाला, आणि लाभांशाचा प्रस्तावही मीटिंगच्या कागदांत आला.

ऑडिटरबाईंनी हरकत घेतली. मी विचारलं, “मॅडम, पैसे आपल्याच खात्यात आहेत. मग उत्पन्न का नाही?”

त्या म्हणाल्या, “सर, हे पैसे यंत्रासाठी आहेत. यंत्राचा खर्च घसाऱ्याच्या रूपाने दहा वर्षं पडणार. मग त्याची मदत एकाच वर्षी कशी दाखवायची?”

हिशेब सरळ आहे. भंगाराची किंमत धरली नाही, तर 5 कोटींवर वर्षाला 50 लाख घसारा. त्याच्या जोडीने 1 कोटीतले 10 लाख दरवर्षी उत्पन्नात यायचे. उरलेली रक्कम ताळेबंदात ‘स्थगित उत्पन्न’ म्हणून थांबते. दुसरी पद्धतही चालते: अनुदान यंत्राच्या किमतीतून वजा करायचं आणि 4 कोटींवर 40 लाख घसारा लावायचा. नफ्यावर परिणाम तोच. आमचं यंत्र तर 1 जुलैला सुरू झालं. म्हणजे मार्चअखेर घसारा शून्य आणि अनुदानाचं उत्पन्नही शून्य. 70 लाखांचा नफा पुन्हा 30 लाखांचा तोटा झाला आणि लाभांशाचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

हा झाला वेळेचा प्रश्न. दुसरा प्रश्न अटींचा. इंड एएस 20 असो की जुनं एएस 12, दोन्ही सांगतात की अटी पाळल्या जातील आणि रक्कम मिळेल याची वाजवी खात्री असल्याशिवाय अनुदान हिशेबात घ्यायचं नाही. पैसे हाती आले, एवढ्यावरून अटी पाळल्या जातील हे सिद्ध होत नाही. म्हणून बँक स्टेटमेंटच्या आधी मंजुरी आदेश वाचायचा, शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांसकट.

आमच्या आदेशात तीन अटी होत्या. यंत्र ठरल्या मुदतीत सुरू करायचं. सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किमान 40 कामगार कंपनीच्या स्वतःच्या पटावर घ्यायचे आणि पाच वर्षं ठेवायचे. पाच वर्षं यंत्र विकायचं किंवा हलवायचं नाही. अट मोडली, तर पूर्ण रक्कम व्याजासह परत.

पुढच्या वर्षीच्या ऑडिटमध्ये मनुष्यबळ विभागाने 44 नावांची यादी दिली. बाईंनी ती भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक विवरणाशी ताडून पाहिली. त्यात कंपनीचे कामगार 31 निघाले. बाकी 13 जण ठेकेदाराचे. यादी खोटी नव्हती, पण अट ‘स्वतःच्या पटावर’ अशी होती.

मग कंपनीने खात्याला लिहून 30 सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ घेतली. बाई कंपनीने दाखवलेल्या पत्रावर थांबल्या नाहीत. त्यांनी खात्याला थेट लिहून खातरजमा केली. ऑगस्टमध्ये हिशेबावर सह्या होईपर्यंत विवरणात 41 नावं सलग दोन महिने दिसत होती. तेव्हा कुठे वाजवी खात्री आहे असं त्यांनी मानलं.

समजा, तसं झालं नसतं आणि यंत्र दोन वर्षं चालल्यावर रक्कम परत करावी लागली असती. तोवर 20 लाख उत्पन्नात गेलेले, 80 लाख स्थगित. मग 1 कोटीपैकी 80 लाख त्या शिलकीतून वजा होतात आणि 20 लाखांचा खर्च त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात पडतो. व्याज वेगळं. मागच्या वर्षांचे हिशेब मात्र उकरायचे नसतात, कारण इंड एएसमध्ये हा अंदाजातला बदल मानला जातो. पण अट मोडलेली पहिल्या दिवसापासून माहीत असूनही लपवली असेल, तर तो अंदाज नव्हे, चूक. मग जुने आकडेही दुरुस्त करावे लागतात.

तेव्हापासून ऑडिट कमिटीत मी दरवर्षी एक तक्ता मागतो: प्रत्येक अनुदानाची अट, तिची शेवटची तारीख, आणि ती पाळल्याचा कंपनीबाहेरचा पुरावा. तिसरा रकाना कोरा दिसला, की त्या दिवशी माझी सही होत नाही.