सोळा हजारांतले आठ हजार

समजा, बीडच्या ऊसतोड मजुरांवर पीएच.डी. केलेल्या एका संशोधिकेला प्रबंधातल्या चौथ्या प्रकरणाचा लेख करायचा आहे. प्रकरण सोळा हजार शब्दांचे आहे आणि मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'ची मर्यादा टिपा-तक्त्यांसह आठ हजारांची. बहुतेक जण इथे प्रत्येक परिच्छेद थोडाथोडा छाटतात. हाती येते ते तेच प्रकरण, फक्त धाप लागलेले.

आधी प्रकरणाचे म्हणणे एका वाक्यात मांडावे लागते. समजा ते असे निघाले : मुकादमाकडून घेतलेली उचल मोठी असेल तर मुले शाळा सोडून फडावर जातात. आता प्रत्येक पान या वाक्यासमोर उभे करायचे. मजुरांच्या स्थलांतराचा इतिहास सुरेख लिहिला असला तरी तो गेला. पूर्वसंशोधनाचा आढावा पाच हजार शब्दांचा, कारण तो आपण सगळे वाचले आहे हे परीक्षकांना पटवण्यासाठी होता. लेखात ज्यांच्याशी वाद किंवा सहमती आहे तेवढेच अभ्यासक राहतात. आढावा सातशे शब्दांत मावतो. तालुका, जात आणि मुलांचे वय यांचे तीन तक्ते होते. उचलीच्या रकमेनुसार ओळी लावल्या की त्यांचा एकच होतो आणि मुद्दाही तिथेच दिसतो.

मग येते भर घालण्याचे काम, आणि ते हमखास विसरले जाते. किती कुटुंबे, कशी निवडली, कोणत्या हंगामात, हे सगळे तिसऱ्या प्रकरणात असते. 'कोयता' म्हणजे नुसते हत्यार नव्हे, तर तोडणीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे, हे पहिल्या प्रकरणात. लेखाच्या वाचकाने दोन्ही पाहिलेली नसतात. फाइलमध्ये 'मागील प्रकरणात' हे शब्द शोधले की अशा जागा सापडतात.

एका जिल्ह्यातली, एकाच हंगामातली पाहणी, हा कबुलीजबाब मात्र कापू नये. शब्द वाचतात, पण दावा उगाच साऱ्या महाराष्ट्राचा होतो आणि समीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

नेमके काय कापले, याची किंमत कधी उशिरा कळते. गणितज्ञ जॉन नॅशचा प्रिन्स्टनमधला 1950चा प्रबंध मुळातच जेमतेम 28 पानांचा. 1951मध्ये 'अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये त्याचा लेख आला तेव्हा सिद्धता राहिली, तिघांच्या पोकरचे उदाहरण राहिले, पण समतोलाचा अर्थ उलगडणारा भाग गळला. खेळाडू हुशार नसले तरी मोठ्या समूहात, अनुभवातून समतोल कसा येऊ शकतो, हे त्यात होते. पुढे उत्क्रांतीच्या अंगाने खेळांचा अभ्यास करणारे वेगळ्या वाटेने त्याच विचाराशी पोचले. नॅशला 1994मध्ये नोबेल मिळाले तेव्हा अभ्यासकांनी त्या गळलेल्या पानांकडे पुन्हा लक्ष वेधले.