तीन वर्तुळांची स्लाइड

नाशिकच्या एका महाविद्यालयात नवउद्योजकांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. निफाडकडची दोन मुलं उभी राहिली. बागेत बसवायचं छोटं यंत्र त्यांनी बनवलं होतं. ते तापमान, हवेतली आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा मोजतं, आणि डावणी किंवा भुरी येण्याआधी शेतकऱ्याच्या मोबाइलवर इशारा देतं. यंत्र आणि सल्ला मिळून वर्षाचे दहा हजार रुपये. यंत्र टेबलावर होतं, चालत होतं, आणि एक फवारणी वाचली तर बागायतदाराचे किती पैसे वाचतात हे त्यांना तोंडपाठ होतं. मग चौथी स्लाइड आली.

एकात एक बसवलेली तीन वर्तुळं. बाहेरच्यात लिहिलं होतं 1,46,500 कोटी, मधल्यात 15,300 कोटी, आतल्यात 153 कोटी. खाली बारीक अक्षरात स्रोत : कृषी गणना 2015-16.

गुंतवणूकदारासमोर जाणाऱ्या प्रत्येक सादरीकरणात ही स्लाइड असते. बाहेरचं वर्तुळ म्हणजे एकूण बाजारपेठ : या गरजेवर सगळे मिळून जास्तीत जास्त किती खर्च करू शकतील. मधलं म्हणजे त्यातला असा भाग, ज्याला तुमची वस्तू आज जशी आहे तशी उपयोगी पडेल आणि जिथपर्यंत तुम्ही पोहोचू शकाल. सगळ्यात आतलं म्हणजे ठरावीक मुदतीत, समजा तीन वर्षांत, खरोखर पदरात पडेल तेवढं. धंद्यातली माणसं त्यांना टॅम, सॅम आणि सॉम म्हणतात. तिन्ही नावं ऐकायला भावंडांसारखी असली तरी त्यांचा जन्म एका पद्धतीने होत नाही.

या स्लाइडचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना एअरबीएनबीचा. 2008 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ही कंपनी तेव्हा ‘एअरबेड अँड ब्रेकफास्ट’ या नावाने ओळखली जायची. तिच्या सुरुवातीच्या सादरीकरणाच्या दोन प्रती आजही इंटरनेटवर फिरतात. एकीत बाहेरचं वर्तुळ जगभरात आरक्षित होणाऱ्या 190 कोटी सहलींचं आहे, मधलं कमी खर्चाच्या आणि ऑनलाइन ठरवलेल्या 53 कोटी 20 लाख सहलींचं, आणि आतलं कंपनीला मिळतील अशा 1 कोटी 6 लाख सहलींचं. दुसरीत हेच आकडे 200 कोटी, 56 कोटी आणि 8 कोटी 40 लाख असे आहेत.

या स्लाइडची चांगली बाजू आधी सांगतो. तिन्ही वर्तुळांत मोजण्याचं माप एकच आहे, सहल. बाहेरच्या आकड्याखाली अमेरिकेच्या प्रवास उद्योग संघटनेचं आणि जागतिक पर्यटन संघटनेचं नाव आहे, मधल्याखाली कॉमस्कोअर या मोजणी कंपनीचं. बाहेरून मधल्यात येताना कोणाला गाळलं हेही दिसतं : महागडी हॉटेलं घेणारे आणि ऑनलाइन आरक्षण न करणारे. वर्तुळ लहान होण्याला कारण आहे.

आता आतल्या वर्तुळाकडे या. तिथे स्रोत नाही, आणि असणारही नाही, कारण तो आकडा कोणी मोजलेला नाही, धरलेला आहे. एका प्रतीत मधल्याचे दोन टक्के धरले, दुसरीत पंधरा. सहलीमागे वीस डॉलर शुल्क धरलं तर पहिल्याचे साधारण एकवीस कोटी डॉलर होतात, पंचवीस धरलं तर दुसरीचे दोनशे दहा कोटी. बाहेरचं वर्तुळ दोन्हीकडे जवळपास सारखंच, तरी कमाईत दहापट फरक. म्हणजे स्लाइडचा सगळा जीव त्या एका टक्केवारीत, आणि नेमकं तिथेच खाली काही लिहिलेलं नाही.

गंमत अशी की 2008 च्या उन्हाळ्यात संस्थापक दीड लाख डॉलर मागत फिरत होते, तेव्हा आलेल्या नकारांतल्या एकात बाजारपेठ पुरेशी मोठी वाटत नाही, असं कारण दिलेलं होतं. हे नकार ब्रायन चेस्की यांनी 2015 मध्ये स्वतः प्रसिद्ध केले. 2020 मध्ये शेअर बाजारात येताना कंपनीने सरकारदरबारी दिलेल्या कागदपत्रांत एकूण बाजारपेठ 3.4 लाख कोटी डॉलर आणि मधली दीड लाख कोटी डॉलर लिहिली. 2019 मध्ये तिच्यामार्फत झालेली आरक्षणं होती 3,800 कोटी डॉलरची, म्हणजे मधल्या वर्तुळाच्या अडीच टक्के. इथे माप सहलींचं नसून डॉलरचं आहे, त्यामुळे आधीच्या दोन टक्क्यांशी सरळ तुलना होत नाही. पण जगभर पसरलेल्या कंपनीलाही अकरा वर्षांनी मधल्या वर्तुळातला एवढाच वाटा मिळाला, हे पंधरा टक्के लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवलेलं बरं.

निफाडच्या मुलांकडे परत येऊ. कृषी गणना 2015-16 प्रमाणे देशात 14 कोटी 65 लाख वहितीधारक आहेत, महाराष्ट्रात 1 कोटी 53 लाख. हे आकडे खरे आहेत. मुलांनी त्यांना दहा हजारांनी गुणलं आणि शेवटी महाराष्ट्राचा एक टक्का घेतला. स्रोत फक्त गुणाकाराच्या डाव्या बाजूला होता. त्याच गणनेत देशातलं सरासरी वहितीक्षेत्र 1.08 हेक्टर आहे, म्हणजे अडीच एकरांच्या जेमतेम वर. विदर्भातला कोरडवाहू कापूसवाला किंवा कोकणातला भातवाला डावणीचा इशारा देणाऱ्या यंत्राला दहा हजार का देईल? मी विचारलं तेव्हा त्यातला एक म्हणाला, “सर, एकच टक्का तर धरलाय.” हे वाक्य मी बँकेत कर्जाच्या फायली पाहताना इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकल्यावर मी पान उलटत नाही, तिथेच थांबतो. एक टक्का लहान वाटतो. पण 1 कोटी 53 लाखांचा एक टक्का म्हणजे दीड लाख शेतकरी, आणि दीड लाख यंत्रं बसवणार कोण?

स्पर्धा संपल्यावर चहा घेता घेता आम्ही तीच स्लाइड पुन्हा मांडली, या वेळी आतून बाहेर.

यंत्र बागेत कधी लागायला हवं? डावणीचा सगळ्यात मोठा धोका गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यापर्यंत. म्हणजे बहुतेक यंत्रं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बसली पाहिजेत. पाऊस, चिखल, वीज नसणं हे सगळं धरून कामाचे दिवस 45. एक माणूस दिवसाला दोन यंत्रं नीट बसवतो. पहिल्या वर्षी चार माणसं, म्हणजे 360 यंत्रं. दुसऱ्या वर्षी आठ माणसं, तिसऱ्या वर्षी बारा, म्हणजे आणखी 720 आणि 1,080. तिन्ही मिळून 2,160. काही शेतकरी वर्गणी पुढे चालू ठेवणार नाहीत, काही यंत्रं बिघडतील. मुलांनी स्वतःच हिशेब करून तिसऱ्या वर्षाअखेर 1,500 चालू ग्राहक धरले. दहा हजारांनी गुणा : दीड कोटी रुपये. आधीच्या 153 कोटींच्या जागी.

मधलं वर्तुळ म्हणजे असे बागायतदार, ज्यांना औषधाच्या उर्वरित अंशाची मर्यादा पाळावीच लागते, म्हणून फवारणी मोजून मारावी लागते. ते म्हणजे निर्यातीसाठी बाग नोंदवणारे. ही नोंद अपेडाच्या ग्रेपनेट या प्रणालीत होते. नोंदलेल्या बागांचा अचूक आकडा कृषी विभागाकडून आणायचा असं ठरलं, आणि तोपर्यंत हिशेबापुरते 40,000 प्लॉट धरले. इथे दुसरा घोटाळा टळला. नोंद प्लॉटची असते आणि एका शेतकऱ्याचे दोन-तीन प्लॉट असतात, मात्र वर्गणी शेतकऱ्यामागे घ्यायची होती. सरासरी दोन प्लॉट धरले तर 20,000 शेतकरी, म्हणजे 20 कोटी.

बाहेरचं वर्तुळ देशातले सगळे द्राक्ष बागायतदार. क्षेत्र साधारण दीड लाख हेक्टर आणि माणशी एक हेक्टर बाग असं धरून 150 कोटी.

नवीन हिशेबात पंधराशे ग्राहक हे मधल्या वर्तुळाचे साडेसात टक्के झाले. आधी टक्का एक होता आणि रक्कम शंभरपट होती. टक्केवारी वाढली, रक्कम आटली, आणि स्लाइड पहिल्यांदा खरी वाटू लागली. प्रत्येक आकड्यामागे आता असा प्रश्न होता, ज्याचं उत्तर पिंपळगावच्या बाजारात उभं राहून तपासता येईल.

मग चित्र. बहुतेक लोक आकड्यांच्या प्रमाणात व्यास काढतात, पण डोळ्याला दिसतं क्षेत्रफळ, आणि ते व्यासाच्या वर्गाने बदलतं. 150 आणि दीड यांच्यात शंभरपट अंतर आहे, म्हणून बाहेरचं वर्तुळ दहा सेंटीमीटरचं काढलं तर आतलं एक सेंटीमीटरचं यायला हवं, आणि वीस कोटींचं मधलं साडेतीन सेंटीमीटरच्या थोडं वर. मुलांच्या मूळ स्लाइडवर तिन्ही वर्तुळं सजावट म्हणून काढली होती आणि आतलं निम्म्याएवढं दिसत होतं. हे मुद्दाम केलं नव्हतं. तयार साच्यात तशीच असतात.

स्रोताच्या ओळीत मी तीन गोष्टी पाहतो : कोणी मोजलं, कोणत्या वर्षी मोजलं आणि नेमकं काय मोजलं. संकेतस्थळाचं नुसतं नाव हा स्रोत नव्हे. ‘अमुक बाजार अमुक सालापर्यंत इतक्या अब्जांचा होणार’ असं सांगणारी, अहवाल विकणाऱ्या कंपन्यांची प्रसिद्धिपत्रकंही मी स्रोत म्हणून धरत नाही, कारण त्यांची मोजणीची पद्धत पैसे भरल्याशिवाय पाहायला मिळत नाही. आणि जो आकडा धरलेला आहे त्याच्यापुढे ‘गृहीत’ असं सरळ लिहावं. त्याने कमीपणा येत नाही.

आता कडू भाग. 150 कोटींची बाजारपेठ पाहून मोठा व्हेंचर फंड पैसे घालणार नाही. दहा गुंतवणुकींतल्या आठ बुडाल्या तरी उरलेल्या दोनांनी भरपाई करावी असं त्यांचं गणित असतं, आणि त्याला मोठं बाहेरचं वर्तुळ लागतं. म्हणूनच मुलं वर्तुळ फुगवतात. पण डाळिंबाच्या तेल्या रोगावर किंवा टोमॅटोच्या करप्यावर यंत्र चालतं हे दाखवून बाहेरचं वर्तुळ वाढवणं वेगळं, आणि देशातल्या सगळ्या शेतकऱ्यांना त्यात कोंबणं वेगळं. पहिल्याला दोन हंगाम लागतात, दुसऱ्याला दोन मिनिटं.

मुलांनी फंडाकडे जाणं सोडलं. नव्या स्लाइडची प्रत जोडून त्यांनी बँकेकडे कर्ज मागितलं. आतल्या एक सेंटीमीटरच्या वर्तुळात आकडा मावला नाही, म्हणून त्यांनी तो बाहेर रेघ ओढून लिहिला होता, आणि त्याखाली पहिल्या हंगामातल्या अकरा गावांची नावं.