साठ मुलं, दहा चेंडू आणि एक शिटी

सहावी ते आठवीच्या वर्गांत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पीटीच्या तासाला मात्र अनेकदा दोन तुकड्या एकत्र येतात, आणि साठ मुलं मैदानावर सोडून सर एकटे उभे राहतात. तास पस्तीस मिनिटांचा. त्यात खेळ चार वेळा बदलायचा आणि प्रत्येक बदलाला तीन मिनिटं लागली, तर बारा मिनिटं नुसती गोळा होण्यात, रांगा लावण्यात आणि ‘सर, आम्हाला चेंडूच नाही’ ऐकण्यात संपतात. आवाज चढवून ती वाचत नाहीत. ती वाचतात मुलं मैदानात येण्याआधी केलेल्या आखणीमुळे.

सातवीच्या साठ मुलांना चेंडू फेकणं-झेलणं शिकवायचं आहे, असं धरू. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. त्यात पाच-पाच मीटरचे दहा चौकोन दोन ओळींत सहज बसतात, शेजारच्या चौकोनांत अर्धा मीटर फट ठेवूनही. एका चौकोनात सहा मुलं: चौघं कडेने चेंडू फिरवतील, दोघं मध्ये राहून तो अडवतील. रुंदीतले साडेपाच मीटर उरतात. ती पट्टी रिकामी ठेवायची. सर तिथेच, सगळे चौकोन समोर येतील असे उभे राहतात. मैदानाच्या मधोमध उभं राहणाऱ्याच्या पाठीमागे निम्मा वर्ग जातो, आणि भांडण नेमकं तिथेच होतं.

फक्कीच्या रेषा वाऱ्याने आणि पायांनी पुसल्या जातात, म्हणून कोपऱ्यांवर शंकू किंवा वाळू भरलेल्या बाटल्या ठेवलेल्या बऱ्या. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: भिंत किंवा झेंड्याचा चबुतरा ही धावण्याची शेवटची रेषा करू नये. मूल भिंतीला हात लावायला म्हणून धावतं आणि वेग आवरत नाही. रेषा भिंतीच्या तीन-चार मीटर अलीकडेच संपवावी.

शिटीचे अर्थ तीनच ठेवावेत. त्याहून जास्त मुलांच्या लक्षात राहत नाहीत. एक आखूड शिटी म्हणजे थांबा आणि चेंडू दोन पायांच्या मध्ये जमिनीवर ठेवा. दोन आखूड म्हणजे बदला, मधले दोघं बाहेर आणि पुढचे दोघं आत. एक लांब शिटी म्हणजे आहात तिथे खाली बसा. ही शेवटची फक्त कुणाला लागलं तर किंवा मैदानात गाय शिरली तर वाजवायची. चेंडू हातातच राहिला तर तो उडवला जातोच, आणि मग सूचना कुणी ऐकत नाही. म्हणून ‘जमिनीवर ठेवा’ हा इशाऱ्याचाच भाग. शेजारी दुसरा वर्ग खेळत असेल तर दोन शिट्यांचा गोंधळ होतो. अशा वेळी हलगी वापरावी. ऐकू कमी येणारं मूल असेल तर शिटीबरोबर लाल झेंडाही वर करावा.

इशारा बसलाय की नाही, हे शिटीनंतर मनात आकडे मोजून कळतं. पाचपर्यंत शेवटचं मूल थांबलं नाही, तर खेळ पुढे नेऊ नये. चेंडू न देता थांबणं-सुटणं पुन्हा करून घ्यावं. दर मिनिटाला शिटी फुंकणाऱ्या सरांकडे मात्र मुलं लवकरच दुर्लक्ष करू लागतात.

जागा बदलताना सूचनेचा क्रम महत्त्वाचा. ‘उजवीकडच्या चौकोनात जा’ म्हटलं की निम्मी मुलं वाक्य संपताच सुटतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. त्याऐवजी ‘शिटी वाजल्यावर, चालत, उजवीकडच्या चौकोनात’ असं सांगावं आणि मग एका मुलाकडून ते वदवून घ्यावं. गट महिनाभर तेच ठेवावेत, प्रत्येक गटाला क्रमांक द्यावा. कप्तानांना भिडू निवडू दिले तर वेळ जातो, शिवाय शेवटी उरणारं मूल दर तासाला तेच असतं.

चेंडूंची पिशवी एका जागी ठेवली की तिथे झुंबड उडते. रिकाम्या पट्टीवर चार ठिकाणी पिशव्या ठेवाव्यात आणि कुठल्या गटाने कुठून घ्यायचं ते ठरवून द्यावं. आधी खेळ समजावायचा, मगच चेंडू. उलट केलं तर समजावणं वाया गेलंच म्हणून समजा. प्रत्येक गटाचा त्या आठवड्याचा साहित्यप्रमुख एकटाच उठतो, बाकीचे चौकोनात थांबतात. कुंपणाबाहेर गेलेला चेंडू मुलाने आणायला जायचं नाही. हात वर करायचा, सर परवानगी देतात.

परत करताना साहित्यप्रमुख चेंडू पिशवीत टाकतो आणि गटाचा क्रमांक मोठ्याने सांगतो. एकापासून दहापर्यंत क्रमांक ऐकू आले की हिशेब झाला. सातवा ऐकू आला नाही, तर फक्त सातव्या गटाला चेंडू शोधायला थांबवायचं, बाकी नऊ गट पाण्याच्या टाकीकडे जातात. हे सगळं घंटेच्या चार मिनिटं आधी सुरू करावं लागतं. नाहीतर पुढच्या तासाची मुलं मैदानात शिरलेली असतात आणि हरवलेला चेंडू त्यांच्या पायांत जातो.