टी-शर्ट छापणाऱ्या वर्कशॉपला लिहिलेला अर्ज

ऑर्डर आली की एकच टी-शर्ट छापायचा, अशा पद्धतीने काम करणारी दोन-तीन माणसांची वर्कशॉप आता अनेक शहरांत आहेत. तिथे संध्याकाळच्या कामासाठी कॉलेजची मुले अर्ज करतात. बहुतेक अर्जांत ‘मी मेहनती आहे, शिकण्याची आवड आहे’ एवढेच असते. मालकाला मात्र वेगळेच जाणून घ्यायचे असते: या मुलाच्या हातून माल वाया जाईल का?

ही चिंता धंद्याच्या स्वरूपातून येते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एकाच चित्राचे दोनशे शर्ट निघतात. पहिला बिघडला तर दुरुस्ती करून पुढचे नीट काढता येतात. मागणीनुसार छापताना पहिला नग हाच शेवटचा असतो. तो बिघडला की कोरा शर्ट, शाई आणि वेळ सगळे गेले. शिवाय त्यावर कोणाचे तरी नाव किंवा फोटो असल्याने तो दुसऱ्याला विकताही येत नाही.

काम कसे चालते, ते थोडक्यात पाहू. आज अशा ठिकाणी डीटीएफ पद्धत बरीच वापरली जाते. चित्र उलटे करून पारदर्शक फिल्मवर छापतात. आधी रंग, त्यावर पांढरी शाई. ओल्या शाईवर गोंदासारखी वितळणारी पावडर भुरभुरून ती तापवतात. मग फिल्म शर्टवर ठेवून हीट प्रेसने साधारण १५० ते १६० अंशांवर काही सेकंद दाबतात आणि फिल्म सोलतात. पांढरी शाई आता रंगांच्या खाली जाते, त्यामुळे काळ्या कापडावरही चित्र उठून दिसते.

हे लक्षात घेऊन बी.कॉम.च्या विद्यार्थ्याचा अर्ज कसा असावा, त्याचा हा एक नमुना:

‘महोदय, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्हाला संध्याकाळच्या कामासाठी माणूस हवा आहे, असे कळले म्हणून लिहितो. गेल्या वर्षी कॉलेजच्या महोत्सवासाठी आमच्या गटाचे टी-शर्ट छापून घेण्याचे काम माझ्याकडे होते. आमचे बोधचिन्ह १२०० पिक्सेल रुंद होते आणि छपाई १२ इंच रुंद हवी होती. मी ते इंकस्केपमध्ये नव्याने रेखाटून पीएनजी फाइल दिली. प्रत्येकाचे माप लेखी घेतले होते. हीट प्रेस मी चालवलेली नाही, ती शिकावी लागेल. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ ते ८ आणि शनिवारी पूर्ण दिवस येऊ शकेन. एप्रिलमध्ये परीक्षा असते, तेव्हा तीन आठवडे फक्त शनिवारी येईन. मूळ चित्र आणि नवी फाइल सोबत जोडली आहे.’

या अर्जातले सर्वांत मोलाचे वाक्य पिक्सेलचे आहे. कापडावरच्या सुबक छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे १२ इंचांना ३६०० लागतात. १२०० पिक्सेलचे चित्र त्या मापात इंचाला १०० वर येते आणि फाटते: अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवून नुसते चित्र ताणले, तर नवे तपशील तयार होत नाहीत. बोधचिन्ह रेषांचे असेल तर ते पुन्हा रेखाटणे हाच खरा उपाय. ग्राहकांनी फोनवरून पाठवलेल्या चित्रांत हा दोष नेहमी असतो, आणि तो छापण्याआधी ओळखणारा माणूस वर्कशॉपला हवा असतो.

हीट प्रेस येत नाही, हे सरळ सांगितले आहे तेही योग्यच. काही फिल्म गरम असतानाच सोलायची असते, काही पूर्ण थंड झाल्यावर. थंड सोलायची फिल्म घाईत ओढली तर शाई तिच्याबरोबर उचलली जाते. पावसाळ्यात कापडात ओल असते, म्हणून फिल्म ठेवण्याआधी नुसता शर्ट काही सेकंद दाबून घेतात. या गोष्टी हाताखाली राहून लवकर शिकता येतात. येत असल्याचे खोटे सांगितले, तर पहिल्याच शर्टवर ते उघडे पडते.

परीक्षेचे तीन आठवडे लपवले नाहीत, यालाही माझ्या मते अनुभवाइतकीच किंमत आहे. ऑर्डर पाठवायची तारीख ग्राहकाला आधीच दिलेली असते. छोट्या जागेत ऐन वेळी एक माणूस नसेल तर त्याचे काम उचलायला दुसरे कोणी नसते. तारखा आधी कळल्या, तर मालक त्या आठवड्यांत कमी ऑर्डर घेऊ शकतो.

जोडलेल्या फाइलवरूनही बरेच कळते. पाठवण्याआधी विद्यार्थ्याने ती स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून मोठी करून पाहावी. पांढऱ्या कागदावरून चित्र कापताना कडेला फिकट, अर्धपारदर्शक ठिपके राहतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ते दिसत नाहीत, पण छापताना त्यांच्याखालीही पांढरी शाई पडते आणि काळ्या शर्टवर चित्राभोवती पांढरी किनार येते. मालकही बहुधा फाइल उघडून आधी तीच किनार शोधेल.