प्रवचनातील प्रश्न आणि शेजारचा साधर्मिक

जैन परंपरेत प्रश्न नवा नाही. भगवतीसूत्राची रचनाच गौतमस्वामींचे प्रश्न आणि भगवान महावीरांची उत्तरे अशी आहे. चातुर्मासात सहाशे-आठशे श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहात मात्र प्रश्न बहुधा व्यासपीठावरूनच येतो आणि तेथेच विरतो. श्रोत्याला बोलते करायचे तर विषयाचा धागा आधी एका वाक्यात पक्का हवा.

अचौर्याणुव्रताचे उदाहरण घ्यावे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्याचे पाच अतिचार दिले आहेत : स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलणे, खोटी मापे वापरणे, भेसळ करणे. धाग्याचे वाक्य असे : ‘अतिचाराने व्रत मोडत नाही, मलिन होते.’

आता प्रश्न. ‘अचौर्य म्हणजे काय?’ असे विचारल्यास सभा गप्प बसते, कारण उत्तराला कडाच नाही. त्याऐवजी प्रसंग ठेवावा : बाजारभावापेक्षा फार स्वस्त, बिलाविना आलेला माल व्यापाऱ्याने चौकशी न करता घेतला, पाचांपैकी कोणता अतिचार? प्रथम अर्धा मिनिट प्रत्येकाने मनात ठरवावे, मग शेजारच्या साधर्मिकाला एक मिनिट कारण सांगावे. कोणी तदाहृतादान म्हणेल, कोणी विरुद्धराज्यातिक्रम. दोघांनाही आधार आहे, म्हणूनच बोलणे रंगते.

येथे एक मर्यादा पाळावी लागते. अनेक श्रोते ४८ मिनिटांची सामायिक घेऊन बसलेले असतात आणि सामायिकीत सांसारिक गोष्टी हा वचनाचा दोष आहे. म्हणून ‘तुमच्या दुकानात काय घडते?’ असे कधीही विचारू नये. चर्चा सूत्रातील प्रसंगावरच राहावी.

कुजबुज प्रथम वाढते, मग जरा ओसरते. पुन्हा वाढली आणि हसणे ऐकू आले, की गप्पा विषयाबाहेर गेल्या असे समजावे. परत बोलवायचे ते ओसरतानाच. त्यासाठी वक्त्याने मूकपणे हात वर करावा, पाहणाऱ्यांनीही करावा. नवकाराचा उपयोग घंटेसारखा करणे उचित नव्हे.

ध्वनिक्षेपक सभेत फिरवला की धागा हमखास तुटतो. एखादे आजोबा आपले सारे आयुष्य सांगू लागतात आणि त्यांना थांबवणे कोणालाच जमत नाही. श्रावकांकडून एक व श्राविकांकडून एक अशी दोन उत्तरे स्वयंसेवकांनी चिठ्ठीवर आणावीत. ती वाचून वक्त्याने धाग्याच्या वाक्याकडे यावे : माल चोरीचा आहे हे ठाऊक असून घेतला तर काय, आणि चौकशीच टाळली तर काय? येथून अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार या चार पायऱ्यांचे विवेचन सुरू होते, आणि ते शांतपणे ऐकले जाते, कारण प्रत्येकाने आपले उत्तर आधीच शेजाऱ्याला सांगून टाकलेले असते. एका व्याख्यानात असे दोनच थांबे पुरेत.